जिनिंगमधून गोदामाकडे : ‘अबाउट’ नव्याने लिहिताना

लिंक्डइनच्या प्रोफाइलमध्ये नाव आणि हेडलाइनच्या खाली ‘अबाउट’ हा मोकळ्या मजकुराचा विभाग असतो. त्याची मर्यादा २,६०० अक्षरांची आहे. कोणत्या साली कुठे नोकरी केली हे खालच्या अनुभवाच्या यादीत येतेच. त्या नोकऱ्यांमधून माणसाच्या हाताला नेमके कोणते काम बसले, हे सांगायची जागा अबाउट ही आहे. त्याच उद्योगात नोकरी बदलणाऱ्याचा अबाउट जुजबी असला तरी निभावते, कारण जिनिंगवाल्याला ‘जिनिंग मॅनेजर’ एवढे दोन शब्द पुरतात. पंधरा-सोळा वर्षांनी उद्योगच बदलणाऱ्याचे मात्र त्यावाचून अडते. पदनाम तेच असले तरी त्यामागचे काम नव्या उद्योगातल्या माणसाने कधी पाहिलेले नसते.

यवतमाळ जिल्ह्यात असा बदल करू पाहणारा व्यवस्थापक बहुधा कापसातला असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, वणीत, पांढरकवड्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत आणि त्यांचे काम हंगामी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागतो, उन्हाळ्यापर्यंत आवक आटते, उरलेले महिने यंत्रांच्या दुरुस्तीत आणि शिल्लक मालाच्या विक्रीत जातात. याच जिल्ह्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो आणि त्याच रस्त्यावर बुटीबोरी आणि नागपूर आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर राज्यागणिक छोटी गोदामे ठेवण्याची गरज कमी झाली आणि देशाच्या मध्यावरच्या नागपूर परिसराला मोठ्या गोदामांसाठी महत्त्व आले. त्यामुळे जिनिंगचा व्यवस्थापक गोदाम व्यवस्थापनाकडे वळू पाहतो, तेव्हा ती उडी वाटते तितकी लांब नसते. पण त्याच्या अबाउटमधून बहुतेक वेळा हे कळत नाही.

अशा माणसाचा जुना अबाउट साधारण या धर्तीचा असतो : ‘कष्टाळू व परिणामकेंद्री व्यवस्थापक. जिनिंग-प्रेसिंग क्षेत्रातील सोळा वर्षांचा अनुभव. उत्पादन, मनुष्यबळ आणि प्रशासन यांत पारंगत. आव्हानात्मक संधीच्या शोधात.’ यात खोटे काही नाही, पण गोदामाच्या भरती अधिकाऱ्याला उपयोगी पडेल असेही काही नाही. ‘उत्पादन’ हा शब्द त्याला चुकीच्या दिशेने नेतो, कारण गोदामात उत्पादन होत नाही. ‘पारंगत’ हा शब्द तो दिवसातून शंभरदा वाचतो.

पुनर्लेखन अबाउटच्या चौकटीत सुरू करू नये. आधी हंगामातला एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कागदावर मांडावा आणि प्रत्येक कामासमोर गोदामात त्याला काय म्हणतात ते लिहावे. आवारात कापसाच्या गाड्या लागतात, काट्यावर वजन होते, ओलावा आणि कचरा तपासला जातो, प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या गंज्या लागतात. गोदामाच्या भाषेत हे अनुक्रमे इनवर्ड, वजन-पडताळणी, आवक मालाची गुणवत्ता तपासणी आणि लॉटनिहाय साठवण आहे. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस नाकारला जातो. ओलावा मोजून जागच्या जागी माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणारा आणि समोर उभ्या शेतकऱ्याला ते पटवून देणारा माणूस आवक मालाबाबत निर्णय घेऊ शकतो. अबाउटमध्ये ते याच शब्दांत यावे.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र जिनिंगवाल्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती लिहायची त्याला सुचत नाही. ती म्हणजे रोजचा ताळा. समजा, एका युनिटमध्ये दिवसाला २५ क्विंटलच्या ४० गाड्या उतरल्या, म्हणजे १,००० क्विंटल कापूस आला. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर ३४० क्विंटल रुई निघेल. १७० किलोची एक, याप्रमाणे तिच्या २०० गाठी बांधल्या जातील. सरकी ६४० क्विंटल आली, तर उरलेली २० क्विंटल घट. व्यवस्थापक रोज संध्याकाळी हा हिशेब जुळवतो. घट दोन टक्क्यांवरून चारवर गेली तर कापूस जास्त ओला घेतला गेला, कचरा जास्त होता, काटा चुकला की माल बाहेर गेला, हे त्याला त्याच रात्री शोधावे लागते. गोदामाच्या मालकाला नेमकी याच कौशल्याची गरज असते. तिथे त्याला साठ्याची अचूकता आणि तफावतीचा शोध म्हणतात. भर म्हणून, बँकेकडे तारण असलेल्या मालाचे दरमहा स्टॉक स्टेटमेंट जिनिंगमधूनही जाते आणि बँकेचा माणूस येऊन गाठी मोजतो. ज्या शेतमाल गोदामांच्या पावतीवर शेतकरी आणि व्यापारी कर्ज घेतात, तिथे दुसऱ्याचा माल सांभाळून त्याचा हिशेब देण्याची ही सवय फार कामाची ठरते.

काही गोष्टी मात्र सोडून द्याव्या लागतात आणि हे पुनर्लेखनातले अवघड काम आहे. उतारा अर्ध्या टक्क्याने वाढवला, ही जिनिंगमध्ये मोठी कामगिरी असते. गोदामात उताराच नसतो. डबल रोलरची देखभाल, प्रेसची क्षमता, धाग्याची लांबी यांवर उमेदीची वर्षे घातलेली असली तरी हे तपशील खालच्या अनुभवाच्या यादीत ठेवावेत. अबाउटमध्ये ते आले की वाचणारा ठरवतो की हा माणूस कापसाचाच आहे.

दुसऱ्या टोकाची चूक याहून वाईट. ती म्हणजे कापूस पूर्ण लपवणे. ‘पुरवठा साखळीतील सोळा वर्षांचा अनुभव’ असे मोघम लिहिले की वाचणारा खाली अनुभवाची यादी पाहतो, तिथे जिनिंग दिसते आणि विश्वास तिथल्या तिथे उडतो. मूळ उद्योग पहिल्या दोन-तीन वाक्यांतच नावानिशी सांगावा.

हे ध्यानात ठेवून लिहिलेला नवा मजकूर असा होऊ शकतो. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीत जाईल, कारण भरती करणारे शोधाचे शब्द सहसा इंग्रजीत टाकतात. इथे आशय मराठीत दिला आहे आणि आकडे वरच्या कल्पित युनिटचेच आहेत.

‘आवक, साठा आणि हंगामी मनुष्यबळ हाताळणारा कामकाज व्यवस्थापक, आता गोदाम व वितरण क्षेत्राकडे. पांढरकवड्याच्या जिनिंग-प्रेसिंग युनिटमध्ये सोळा हंगाम : ऐन हंगामात दिवसाला ४० गाड्या, १,००० क्विंटल आवक, २०० गाठी.

आवक, तयार माल आणि घट यांचा ताळा रोज जुळवला. दोन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत त्याच दिवशी शोधली. दारावर टोकन आणि तिथेच ओलावा तपासणी सुरू केल्यावर गाडी थांबण्याचा वेळ पाच तासांवरून तीन तासांवर आला. हंगामाच्या तोंडावर पंधरा दिवसांत २० जणांचा ताफा ९० जणांवर नेला.

कापूस हा आग लवकर धरणारा माल. गंज्यांमधले अंतर, विजेच्या जोडण्या आणि पाण्याची व्यवस्था यांची पाहणी स्वतः केली.

हजारो प्रकारच्या वस्तूंचे बारकोडवर चालणारे गोदाम अजून चालवलेले नाही. ती संगणकप्रणाली सध्या शिकतो आहे. बुटीबोरी-नागपूर परिसरात शेतमाल किंवा ग्राहकोपयोगी मालाच्या गोदामाच्या कामकाजाची जबाबदारी हवी आहे.’

पहिला परिच्छेद एवढा आखूड आहे, कारण अबाउट सुरुवातीला तीन-चार ओळींपुरताच उघडा दिसतो आणि बाकीचा मजकूर पाहायला बटण दाबावे लागते. मोबाइलवर त्याहून कमी दिसतो. कुठून आलो, कुठे जायचे आहे आणि कामाचा आवाका किती, हे तिन्ही त्या ओळींत बसले पाहिजे. शेवटच्या परिच्छेदातली कबुली अनेकांना नको वाटते. पण जिनिंगमध्ये कापूस, रुई आणि सरकी एवढाच माल असतो आणि मोठ्या गोदामात हजारो वस्तू असतात, हे भरती करणाऱ्याला माहीतच असते. आपणहून सांगितले की मुलाखतीत तो प्रश्न आरोपासारखा येत नाही. मात्र ‘शिकतो आहे’ हे तेव्हाच लिहावे, जेव्हा खरोखर शिकणे चालू असेल.

आकडे आठवणीतून लिहू नयेत. गाड्यांची संख्या काट्याच्या पावत्यांत सापडते, थांबण्याचा वेळ दारावरच्या नोंदवहीत आणि मजुरांची संख्या हजेरीपटात. जिथे नोंदच नाही तिथे आकडा न देता काय बदल केला तेवढेच सांगावे. खरेदीचे भाव, व्यापाऱ्यांची नावे, बँकेची कर्जमर्यादा हे मालकाचे गुपित आहे. ते अबाउटमध्ये येता कामा नये. तालुक्याच्या गावात प्रोफाइल मालकाच्याही नजरेस पडते. म्हणून मजकूर बदलण्याआधी बदलाची सूचना ओळखीच्यांना पाठवण्याचे सेटिंग बंद करावे आणि ‘नोकरीच्या शोधात’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांपुरती ठेवावी. तरीही पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन देत नाही, हे धरून चालावे.

अबाउटबरोबर हेडलाइनही बदलायला हवी. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि शोधाच्या निकालात नावाखाली तीच दिसते. वर ‘जिनिंग मॅनेजर’ आणि खाली गोदामाची भाषा अशी विसंगती राहिली तर अबाउटपर्यंत कोणी पोहोचतच नाही.

मजकूर जमला की नाही हे दोन प्रकारे तपासता येते. पहिला प्रकार म्हणजे तो कापसाशी संबंध नसलेल्या, शक्यतो गोदामात काम करणाऱ्या माणसाला पहिल्या तीन ओळींपुरताच वाचायला द्यावा आणि विचारावे, की या माणसाला कोणत्या कामासाठी बोलवाल. उत्तरात गोदाम, आवक किंवा साठा यांपैकी काही आले नाही, तर त्या ओळी पुन्हा लिहाव्यात. दुसरा प्रकार प्रोफाइलमध्येच आहे. प्रोफाइल किती शोधांत आले आणि शोधणारे कोणत्या कंपन्यांत, कोणत्या पदांवर आहेत, याची माहिती लिंक्डइन देते. नवा मजकूर टाकल्यानंतर काही आठवड्यांनीही तिथे कापूस व्यापारी आणि सूतगिरण्याच दिसत असतील, तर हेडलाइन आणि पहिला परिच्छेद अजून कापसाचाच आहे. आधी ते दोन बदलावेत, बाकीच्या मजकुराला हात लावू नये.