वही तपासताना – शब्द बसला, अर्थ बसला का?

मागच्या आठवड्यात आपण विरामचिन्हांचे प्रश्न तपासले. वाक्प्रचारांच्या प्रश्नांत अडचण वेगळी असते. लिंग, वचन, क्रियापद सगळे जुळलेले असते, त्यामुळे तपासणाऱ्याचा लाल पेन सहज पुढे सरकतो.

हा प्रश्न घ्या : ‘लग्नाच्या खर्चाचा आकडा ऐकून रामरावांचे डोळे ____.’ पर्याय आहेत निवले, उघडले, भरून आले आणि पांढरे झाले. चारही शब्द जागेत नीट बसतात. उत्तरसूचीत ‘पांढरे झाले’ आहे, आणि एका मुलाने ‘उघडले’ लिहिले आहे. त्यावर फुली मारण्याआधी वाक्प्रचार काढून तिथे त्याचा अर्थ ठेवावा आणि वाक्य पुन्हा वाचावे. ‘आकडा ऐकून रामरावांना समाधान वाटले’ म्हणजे निवले, ते लगेच बाद होते. ‘आकडा ऐकून ते गर्भगळीत झाले’ हे चोख बसते. ‘आकडा ऐकून त्यांचा गैरसमज दूर झाला’ हेही वाचता येते, पण त्यासाठी आधी गैरसमज हवा आणि वाक्यात त्याचा मागमूस नाही. म्हणून ते उत्तर चूकच, मात्र मुलाला ‘यात रामरावांचा कुठला भ्रम होता?’ असे विचारावे. गुण कापण्यापेक्षा हा प्रश्न अधिक शिकवतो.

‘भरून आले’ मात्र मला सोडवत नाही. कर्ज काढावे लागणाऱ्या बापाचे डोळे भरून येऊ शकतात. इथे मुलाची नव्हे, प्रश्न काढणाऱ्याची चूक आहे, तेव्हा गुण द्यावेत आणि पुढच्या वेळी वाक्य घट्ट करावे : ‘दोन लाखांचा अंदाज धरलेल्या रामरावांपुढे सात लाखांचा आकडा आला, तेव्हा भीतीने त्यांचे डोळे ____.’

‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात हीच गफलत उलट बाजूने होते. ‘चोराने हातावर तुरी दिल्या’ हे वाक्य चुकीचे नाही, पण अर्थ कळल्याचा पुरावा त्यात नाही. पकडायला आलेला कोणी आणि त्याला फसवून निसटणे, हे दोन्ही दिसले पाहिजे : ‘पाठलाग करणाऱ्या पोलिसांच्या हातावर तुरी देऊन चोर गर्दीत पसार झाला.’

शब्दसमूहाबद्दल एक शब्द देताना चूक छटेत असते. ‘गरजेपुरताच खर्च करणारा’ याला मुले ‘कंजूष’ लिहितात. कंजूष माणूस गरज असतानाही पैसा सोडत नाही, म्हणून ते उत्तर चालत नाही. सूचीतला शब्द ‘मितव्ययी’ असतो, तरी कोणी ‘काटकसरी’ लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत. सूचीत एकच शब्द छापलेला असला, तरी शब्दसमूहातली प्रत्येक अट पाळणारा दुसरा शब्द बरोबरच असतो.

पुढच्या आठवड्यात : समानार्थी शब्द.