खोक्यावर 180 दिवस, शनवाऱ्यात 5

शनवारा दरवाजाच्या आसपास बुऱ्हाणपूर कधी थांबत नाही. पॉवरलूमच्या कापडाचे गठ्ठे लादलेली मालवाहू रिक्षा, केळीचा ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन, मधेच एखादी गाय. अशा रस्त्याकडे तोंड करून एका कापड दुकानाच्या छज्ज्याखाली मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसवलेला होता. वायर नाही, भिंतीला भोक नाही, मोबाइलवर चित्र दिसतं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की एकदा चार्ज केला की 180 दिवस बघायला नको. दुकानात तो पाचव्या दिवशी बंद पडला. पुन्हा चार्ज केला, पुन्हा पाचव्या दिवशी बंद.

दुकानाच्या मालकांनी, काकांनी, अर्थातच बॅटरीवर ठपका ठेवला. बदलून घ्यायचा म्हणून खोकं, बिल सगळं काउंटरवर काढून ठेवलं होतं. कॅमेरे बसवणारा पोरगा आला तो शिडी न घेताच. हा एरवी वायरवाले कॅमेरे आणि डीव्हीआरची कामं करतो. बॅटरीचा कॅमेरा काकांनी त्याला न विचारता ऑनलाइन मागवला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने काकांचा फोन मागितला, अ‍ॅपमधली घटनांची यादी उघडली आणि अंगठ्याने वर सरकवत राहिला.

यादी संपतच नव्हती. 11 वाजून 2 मिनिटं: रिक्षा. 11 वाजून 3 मिनिटं: रिक्षा. 11 वाजून 3 मिनिटं: मोटारसायकल. मग पाण्याचा टँकर, मग समोरच्या दुकानाची फडफडणारी ताडपत्री, मग पुन्हा रिक्षा. काकांच्या दुकानात शिरणारं माणूस बराच वेळ सापडेना.

“काका, काल दिवसभरात तीनशे वेळा उठलाय हा,” पोरगा म्हणाला. “बॅटरी नाही खराब. जागा खराब आहे.”

त्या तीनशेचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. हा कॅमेरा चोवीस तास बघत नसतो. बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. त्या अवस्थेत जागं राहतं ते फक्त उष्णता ओळखणारं एक छोटं सेन्सर, ज्याला हे लोक पीआयआर म्हणतात, आणि वायफायशी नातं टिकवण्यापुरता चिपचा एक कोपरा. एवढ्याला दिवसाकाठी साधारण 10 मिलिअँपिअर-तास लागतात. सेन्सरसमोर काही गरम हललं की सगळं यंत्र उठतं: लेन्स, प्रोसेसर, वायफाय, रात्री असेल तर अंधारातलं चित्र घेणारे इन्फ्रारेड दिवेसुद्धा. मग विजेची ओढ एकदम 350 मिलिअँपिअरच्या घरात जाते.

काकांच्या कॅमेऱ्यात 5200ची बॅटरी होती, त्यातली प्रत्यक्ष वापरता येते ती साधारण 4400. रेकॉर्डिंग 20 सेकंदांचं लावलेलं. उठणं, जोडणं, फाइल पाठवणं धरून एका खेपेला 30 सेकंद जातात. तीनशे गुणिले 30 म्हणजे 9000 सेकंद, म्हणजे रोज अडीच तास जागरण. अडीच गुणिले 350 झाले 875. आता 4400ला 875ने भागा: पाच दिवस. यंत्रात खोट नव्हती. काकांना आलेले पाच दिवस अगदी नियमाप्रमाणे आलेले होते.

आणि ते 180? खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत अट होतीच: दिवसाला 12 वेळा, दर वेळी 15 सेकंद. म्हणजे रोज अवघी तीन मिनिटं जागरण. त्या हिशेबाने बॅटरी 160 ते 190 दिवस जाते, आकडा खोटा नाही. पण बारा वेळा हलणारं दार गावाबाहेरच्या बंगल्याचं असतं, शनवाऱ्यातल्या दुकानाचं नसतं. आकडा ठळक आणि अट बारीक, ही छपाई चुकून झाली असेल असं मानायला मन धजत नाही.

तीनशेला खाली आणायचं तर आधी सेन्सर काय बघतं ते समजून घ्यावं लागतं. कॅमेऱ्याच्या तोंडावर जी दुधी, खडबडीत प्लॅस्टिकची टिकली असते, ते त्याचं भिंग. आतलं सेन्सर चित्र बघत नाही, उष्णतेतला बदल बघतं. माणूस त्याला सात-नऊ मीटरपर्यंत कळतो, पण ट्रकचं इंजिन किंवा तापलेला सायलेन्सर त्याहून बराच लांबून कळतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला चटकन दिसतं, आणि रस्त्यावरची सगळी वाहतूक दुकानासमोरून आडवीच जाते. निमाड-खानदेशच्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत होते. हवाच 37 अंशांच्या आसपास असली की माणसाचं अंग आणि भोवताल यांत फरक उरत नाही, सेन्सरला माणूस नीट दिसेनासा होतो. तापलेलं इंजिन मात्र दिसतच राहतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी कॅमेरा रिक्षासाठी उठतो आणि गिऱ्हाईक निसटतं.

काकांनी आपल्या परीने एक उपाय केलेला होता. अ‍ॅपमध्ये चित्रावर चौकट ओढून रस्ता वगळला होता. तेव्हापासून फोनची टिंगटिंग थांबली, बॅटरी मात्र तशीच उतरत राहिली. पुष्कळ जण इथेच फसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही चौकट उठल्यानंतर तपासली जाते: सेन्सर यंत्राला उठवतं, यंत्र चित्र घेतं, हालचाल चौकटीबाहेरची आहे असं ठरवतं आणि गुपचूप झोपतं. सूचना वाचते, वीज थोडीच वाचते. ‘फक्त माणूस’ या सेटिंगचंही तेच, कारण माणूस आहे की नाही हे ठरवायलाही उठावंच लागतं. काही कॅमेऱ्यांत खुद्द सेन्सरचेच भाग बंद करता येतात, तिथे मात्र खरी बचत होते. आपला कोणता ते ओळखायचं तर वगळलेल्या भागातून कोणाला तरी आडवं चालायला लावून कॅमेऱ्याचा बारीक दिवा बघायचा. तो लागला, तर यंत्र उठलं.

पोराने शेवटी शिडी आणलीच. कॅमेरा छज्ज्याखालून काढून दाराच्या चौकटीच्या वर घेतला आणि तोंड खाली वाकवलं, इतकं की चित्रात पायरी, उंबरा आणि फुटपाथची एक पट्टी एवढंच राहिलं. मग त्याने खिशातून जाड टेपचं रीळ काढलं, नखाने टोक सोडवलं, बोटभर तुकडा दाताने तोडला आणि दुधी भिंगाच्या रस्त्याकडच्या कडेवर चिकटवला. खाली उतरून आडवा चालून बघितलं, पुन्हा वर चढून टेप जरा सरकवला. एवढ्या स्वस्त कामाकडे बघताना महागड्या अ‍ॅपची कीव येते. टेप जाडच हवा. दुधाच्या पिशवीसारखं पातळ पॉलिथिन लावून उपयोग नाही, कारण उष्णतेचे किरण त्यातून आरपार जातात. सेन्सरचं भिंग त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं असतं ते त्यामुळेच.

बाकीची सेटिंग पाच मिनिटांत झाली. रेकॉर्डिंग 20 वरून 10 सेकंदांवर, दोन रेकॉर्डिंगमधली सक्तीची विश्रांती दोन मिनिटांवर, संवेदनशीलता मध्यमवर, पांढरा प्रकाशझोत बंद. शिवाय वेळापत्रक: दुकान उघडं असताना मोशन बंद, शटर पडलं की चालू. दुकानात माणसं असताना काउंटरवर बहुतेक वेळ स्वतः काका असतात.

काकांची खरी सवय मात्र सेटिंगमध्ये बसणारी नव्हती. दुपारी जेवायला घरी गेले की ते फोन उघडून दुकान बघत बसायचे. रोज अर्धा तास थेट चित्र म्हणजे 175 मिलिअँपिअर-तास. बाकी काहीही झालं नाही तरी बॅटरी जेमतेम 24 दिवस पुरते. हे ऐकून काका म्हणाले, “मग घेतला कशाला?” प्रश्न रास्त होता, आणि पोराने त्यावर काही उत्तर दिलं नाही.

वायफायचाही हात होता. राउटर वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत, मधे जुन्या वाड्याची जाड भिंत. अ‍ॅपमध्ये सिग्नलची एकच कांडी. सिग्नल कमजोर असला की तीच फाइल पाठवायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि तेवढा वेळ यंत्र जागं राहतं. वीज गेली, राउटर बंद पडला, तर बरेच कॅमेरे राउटर शोधत स्वतःची बॅटरी जाळतात. राउटर खाली आणून इन्व्हर्टरवर घेतला, तेव्हा तीन कांड्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात रोजचा आकडा तीनशेवरून चाळीसच्या आसपास आला. चाळीस खेपा, दर खेपेला 15 सेकंद जागरण, म्हणजे दिवसाला 60 आणि झोपेचे 10 धरून 70 मिलिअँपिअर-तास. थेट चित्र बघत बसलं नाही, तर बॅटरी दोन महिने जाईल. म्हणजे एवढं सगळं करूनही 180 नाहीच.

सोलर प्लेट लावली की सुटलो, असं काकांना वाटत होतं. प्लेट उपयोगी आहे, पण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारी नको. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर तापली की तिचं चार्जिंग रोखलं जातं, नाहीतर ती बिघडते. बुऱ्हाणपूरच्या मेमध्ये सावलीतच पारा 44 पर्यंत जातो. उन्हातला कॅमेरा त्याहून कितीतरी तापतो, आणि ऐन उन्हात चार्जिंग बंद. प्लेट पत्र्यावर, कॅमेरा सावलीत, मधे वायर, असं बसवावं लागतं. मग बिनवायरचा म्हणून घेतलेल्या कॅमेऱ्याला वायर आलीच.

बॅटरी खरोखर खराब असू शकते, नाही असं नाही. तपासायला पोराची पद्धत सोपी आहे: फुल चार्ज करायचा, मोशन बंद करायचं, दोन दिवस अ‍ॅप उघडायचं नाही. टक्का एखादाच उतरला तर बॅटरी ठणठणीत. दहा-पंधरा टक्के उतरले, तर आधी राउटरजवळ ठेवून तेच पुन्हा करायचं. तरीही उतरले तर बिल काढायचं. काकांचा दोन दिवसांत एक टक्का उतरला.

महिन्याभराने दुकानासमोर वायरवाला कॅमेरा लागला, इन्व्हर्टरवर, चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा. बॅटरीवाला मागच्या गोदामात गेला, जिथे दिवसातून आठ-दहा वेळा कोणी गठ्ठा काढायला जातं. तिथे तीस दिवसांत तो 100 वरून 83 वर आला. असा कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर आधी एक दिवस दारासमोरून किती वेळा काही जातं ते मोजा. आकडा पन्नासच्या वर गेला, तर वायरवाला घ्या.