अर्जुनाने विचारलेला हिशेब

दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’ मालिकेच्या शीर्षकगीतामुळे गीतेच्या चौथ्या अध्यायातला सातवा श्लोक घराघरांत पाठ झाला. धर्माला ग्लानी येते, अधर्म माजतो, तेव्हा तेव्हा मी स्वतःला निर्माण करतो, असं कृष्ण त्यात सांगतो. आज तो भाषणांत, फलकांवर, चित्रपटांत सुटा भेटतो आणि ‘मी येईन, धीर धरा’ असं आश्वासन वाटतो. गीतेत मात्र तो एका शंकेचं उत्तर म्हणून आला आहे, आणि ती शंका अगदी व्यवहारी आहे.

अध्याय सुरू होतो तो एका परंपरेच्या हकिकतीने. हा कर्मयोग मी पूर्वी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला. त्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. राजर्षींमध्ये तो चालत राहिला आणि पुढे दीर्घ काळाच्या ओघात लोपला. तू माझा भक्त आणि सखा आहेस, म्हणून तोच जुना योग आज तुला सांगतो आहे.

चौथ्या श्लोकात अर्जुन अडवतो. समोर बसलेला सारथी त्याचा मामेभाऊ आहे. कुंती ही वसुदेवाची बहीण. त्याचा जन्म, गोकुळ, मथुरा, सारं अर्जुनाला ठाऊक. विवस्वान तर कितीतरी आधीचा. मग तू त्याला आरंभी सांगितलंस, हे मी कसं समजायचं? रणांगणावर, दोन्ही सैन्यांच्या मधोमध, शिष्य गुरूकडे सनावळीचा हिशेब मागतो आणि गुरू रागावत नाही, हे मला फार आवडतं.

उत्तर पाचव्या श्लोकापासून येतं. तुझे आणि माझेही पुष्कळ जन्म झाले. मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. इथपर्यंत दोघांत फरक फक्त आठवणीचा दिसतो. सहावा श्लोक तो फरक मुळापर्यंत नेतो: मी अजन्मा, अविनाशी आणि सर्व भूतांचा ईश्वर असूनही आपल्याच प्रकृतीचा आधार घेऊन आपल्याच मायेने जन्मतो. जीव कर्माच्या ओढीने जन्मतो, ईश्वर स्वेच्छेने. हा जन्म नेमका कसा, यावर भाष्यकारांचे रस्ते फुटले. शंकराचार्यांच्या मते तो देह धारण केल्यासारखा, जन्मल्यासारखा दिसतो, वास्तवात जन्म नाही. रामानुजांना हा केवळ भास मान्य नाही. ईश्वर आपला स्वभाव न सोडता खराच प्रकट होतो, असं ते म्हणतात.

मग सातवा श्लोक ‘केव्हा?’ याचं उत्तर देतो आणि आठवा ‘कशासाठी?’ याचं: सज्जनांच्या रक्षणासाठी, दुष्टांच्या नाशासाठी, धर्माची घडी पुन्हा बसवण्यासाठी, युगायुगांत. दशावतारांची यादी इथे नाही. ‘अवतार’ हा शब्दही साऱ्या गीतेत कुठे नाही. कृष्ण वर्तमानकाळात बोलतो. पुढे कधी येईन, असा वायदा तो करत नाही, आपली रीत सांगतो. योग लोपला म्हणून तो पुन्हा सांगायला आला, ही अध्यायाच्या आरंभीची हकिकत म्हणजे त्याच रीतीचा चालू दाखला. अर्जुनाच्या हिशेबाची वजाबाकी इथे पुरी होते.

आठव्या श्लोकावरचं रामानुजांचं म्हणणं थोडं थांबून ऐकण्यासारखं आहे. दुष्टांना मारायला ईश्वराने देह कशाला घ्यायला हवा? त्यांच्या मते ‘सज्जन’ म्हणजे ज्यांना त्याच्या दर्शनाविना क्षणही कंठत नाही असे भक्त. त्यांना आपलं रूप, आपल्या लीला, आपलं बोलणं देणं हेच त्यांचं रक्षण. ज्ञानेश्वरांनी दैत्यकुळांचा नाश गाळलेला नाही, पण त्यांचा भर उजेडावर आहे: देव अविवेकाची काजळी पुसून विवेकाचा दिवा लावतो आणि सज्जनांच्या हातून सुखाची गुढी उभारून घेतो. संहाराच्या श्लोकात गुढी आणि दिवाळी आणावी ती ज्ञानेश्वरांनीच.

सुटा श्लोक म्हणणारे सहसा आठव्याशी थांबतात. नववा म्हणतो, माझा हा दिव्य जन्म आणि हे दिव्य कर्म जो तत्त्वतः जाणतो, त्याला देह सोडल्यावर पुनर्जन्म नाही, तो मला येऊन मिळतो. दहाव्यात असे मिळालेले लोक येतात: आसक्ती, भय आणि क्रोध गेलेले, ज्ञानाच्या तपाने शुद्ध झालेले. म्हणजे उत्तराचा रोख देवाच्या येण्याकडून माणसाच्या जाणण्याकडे वळला. चौदाव्यात कृष्ण सांगतो, कर्मं मला चिकटत नाहीत, कारण फळाची इच्छा नाही. आणि पंधराव्यात हे सगळं अर्जुनावर येऊन आदळतं: पूर्वीच्या मुमुक्षूंनी हे जाणून कर्मच केलं, तेव्हा तूही कर्मच कर. टिळकांनी ‘गीतारहस्या’त सारी गीता याच बाजूने वाचली. सांगणारा देव रथावर बसलेला आहे, पण या युद्धात शस्त्र हाती न धरण्याचं ठरवून आला आहे. गांडीव अर्जुनालाच उचलायचं आहे.