अर्जुनाचा काढा आणि स्टेंटनंतरची गोळी

मुलुंड-घाटकोपरच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात अर्जुनाची साल मागितली, की दुकानदार विचारतो, ‘अख्खी देऊ की भरड?’ काढ्याला भरड बरी, कारण बारीक चूर्ण फडक्यातून नीट गाळलं जात नाही. अख्खी साल घेतली तर ती निदान ओळखता येते. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी-पांढुरकी आणि आतून तांबूस असते. त्याचा भाऊबंद ऐन, बोरिवलीच्या जंगलातलं नेहमीचं झाड. त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. बाजारात ऐनाची साल अर्जुन म्हणून खपवली जाते, आणि भरड झाल्यावर फरक डोळ्यांना कळत नाही.

हृद्रोगावर अर्जुन देण्याची परंपरा जुनी आहे. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तांनी तो दुधातून घ्यायला सांगितला. क्षीरपाकाचं परंपरागत प्रमाण असं: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी. मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळायचं. चव तुरट, कारण सालीत टॅनिन भरपूर. काहींना त्याने मलावरोध होतो.

अर्जुनात काहीच नाही, असं म्हणणं मला पटत नाही. १९९५ साली इंदूरच्या डॉ. भराणी आणि सहकाऱ्यांनी अतिगंभीर हार्ट फेल्युअरच्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दर आठ तासांनी ५०० मिलीग्रॅम दिला, तेव्हा त्यांची लक्षणं आणि हृदयाचं काम सुधारलेलं दिसलं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही गोष्ट इथेच संपते. पुढचा भाग असा, की त्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती आणि अर्क त्यांच्या जोडीला होता. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये हार्ट फेल्युअरच्या शंभर रुग्णांवर १२ आठवडे चाचणी झाली, तीही चालू औषधांच्या जोडीनेच. तिथे हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता अर्काने वाढली नाही.

भराणींचीच २००२ची दुसरी चाचणी काढ्याच्या बाजूने अधिक बोलते. स्थिर अंजायनाच्या ५८ पुरुषांमध्ये अर्काचा परिणाम आयसोसॉर्बाइडच्या गोळीच्या जवळपास आला. पण तिथे प्रत्येक औषध फक्त आठवडाभर दिलं होतं, आणि मोजलं होतं ते ट्रेडमिलवर चालताना होणारं दुखणं. दुखणं कमी होणं वेगळं आणि रक्ताची गुठळी न होणं वेगळं.

हा फरक एका उदाहरणाने पाहू. समजा, अंधेरीचे एक काका. तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसला. रोज अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलोल आणि अॅटोरवास्टॅटिन. क्षीरपाक सुरू केल्यावर जिना चढताना दम लागत नाही, म्हणून काका गोळ्या बंद करतात. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात, आणि तोवर उघड्या धातूवर बिंबाणू चिकटू पाहतात. त्यांना रोखायचं काम पहिल्या दोन गोळ्यांचं. त्या थांबल्या की काकांना काहीच जाणवत नाही, आणि एके दिवशी गुठळी होऊन नळी अचानक बंद होते. काढ्याने हे थांबतं असं कुणीही दाखवलेलं नाही. मेटोप्रोलोल एकाएकी सोडलं तर दबून असलेला अॅड्रिनलिनचा जोर उसळतो. नाडी धावते, रक्तदाब चढतो, छातीतलं दुखणं परत येतं. स्टॅटिन सुटल्याचं तर रक्ततपासणीशिवाय कळतही नाही. म्हणजे ‘बरं वाटतंय’ हा इथे पुरावाच नव्हे.

बरं, गोळ्याही चालू आणि काढाही चालू, असं केलं तर? याचं एक उत्तर अंधेरीला लागूनच, विलेपार्ल्यात शोधलं गेलं. तिथल्या नरसी मोनजी संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली अर्जुनाचा अर्क मानवी यकृतातल्या विकरांवर तपासला. औषधं मोडणाऱ्या तीन महत्त्वाच्या विकरांना अर्काने चांगलाच अटकाव केला. त्यांतलं एक वॉरफॅरिन मोडतं, दुसरं मेटोप्रोलोल, तिसरं अॅटोरवास्टॅटिन. हे परीक्षानळीतलं निरीक्षण आहे. माणसाच्या शरीरात ते किती उतरतं, हा पुढचा प्रश्न. तरी औषध मोडलं गेलं नाही तर ते रक्तात साचतं, हे लक्षात ठेवायला हवं. काढा सुरू केल्यावर हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, नाडी मंदावून चक्कर आली किंवा स्नायू विनाकारण दुखू लागले, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावं. कृत्रिम झडपेसाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी तर आयएनआर तपासण्याची सोय झाल्याशिवाय काढ्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे: स्टेंट, बायपास, झडप किंवा हार्ट फेल्युअर असलेल्याने अर्जुन घ्यायचाच असेल, तर वैद्यांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी, हृदयरोगतज्ज्ञांना काढ्याचं पाकीट दाखवावं, आणि लिहून दिलेली एकही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर काढा उकळायला ठेवू नका, १०८ला फोन करा.