एकाच घरातला दुसरा संगणक तीच फाइल इंटरनेटवरून का मागवतो? लॅन सिंक समजून घेऊया

समजा, घरात एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप आहे. दोन्हींवर ड्रॉपबॉक्स आहे आणि दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत. डेस्कटॉपवर कार्यक्रमाच्या चित्रीकरणाचा ६ जीबीचा फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये टाकला. इंटरनेटचा वेग ५० एमबीपीएस आहे. हा फोल्डर सर्व्हरवर चढायला साधारण १६ मिनिटे लागतात. त्यानंतर लॅपटॉप तोच फोल्डर उतरवून घेऊ लागला, तर आणखी १६ मिनिटे जातात. दोन संगणकांमधले अंतर चार फुटांचे, पण फाइल मात्र दूरच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत येते. इंटरनेटच्या प्लॅनमधून ६ जीबी जाताना वापरले जातात आणि ६ जीबी येताना.

घरात तिसरा संगणक असेल, तर तोही आपली प्रत वेगळी मागवतो. दोघांनी एकाच वेळी मागवली की तीच ५० एमबीपीएसची लाइन दोघांत वाटली जाते आणि १६ मिनिटांची ३२ होतात.

राउटर फाइल अडवून का ठेवत नाही?

फाइल एकदा राउटरमधून गेलीच आहे, मग त्यानेच ती दुसऱ्या संगणकाला का देऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. पण राउटरचे काम पोस्टमनचे असते. आलेले पाकीट पत्ता पाहून पुढे पाठवायचे, एवढेच तो करतो. आत काय आहे ते तो साठवत नाही, आणि घरगुती राउटरमध्ये तेवढी जागाही नसते. शिवाय ड्रॉपबॉक्स आणि सर्व्हर यांच्यातला सगळा मजकूर कूटबद्ध असतो. त्यामुळे डेस्कटॉपकडून गेलेली फाइल आणि लॅपटॉपकडे येणारी फाइल एकच आहे, हे राउटरला ओळखताही येत नाही.

दुसरे कारण अ‍ॅपच्या रचनेत आहे. क्लाउड साठवणुकीच्या अ‍ॅपला मुळात एकच पत्ता माहीत असतो, तो म्हणजे सर्व्हरचा. डेस्कटॉप सर्व्हरशी बोलतो, लॅपटॉपही सर्व्हरशी बोलतो, पण दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शेजारच्या टेबलावर तीच फाइल आहे, हे लॅपटॉपला कोणी सांगितलेलेच नसते. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह यांच्या संगणकावरील अ‍ॅपमध्ये आजही हीच पद्धत आहे.

लॅन सिंक नेमके काय करते?

ड्रॉपबॉक्सने यावर काढलेला उपाय म्हणजे लॅन सिंक. घरातल्या किंवा ऑफिसातल्या अंतर्गत नेटवर्कला लॅन म्हणतात. ही सोय चालू असलेला प्रत्येक संगणक अधूनमधून सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी एक छोटी हाक देतो. तांत्रिक भाषेत याला ब्रॉडकास्ट म्हणतात आणि ड्रॉपबॉक्स त्यासाठी 17500 क्रमांकाचा पोर्ट वापरते. ‘मी इथे आहे आणि माझ्याकडे अमुक-अमुक फोल्डर आहेत’ एवढाच त्या हाकेचा अर्थ. फोल्डरांची नावे त्यात जात नाहीत, त्यांचे क्रमांक जातात. ही हाक ऐकून लॅपटॉप आपल्या आसपास कोण आहे याची यादी करून ठेवतो.

आता प्रत्यक्ष फाइलकडे येऊ. ड्रॉपबॉक्स कोणतीही फाइल ४ एमबीपर्यंतच्या तुकड्यांत विभागते. प्रत्येक तुकड्यातल्या मजकुरावर गणित करून त्याची एक खूण काढली जाते. तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी ही खूण पूर्ण बदलते. आपल्या उदाहरणातला ६ जीबीचा फोल्डर म्हणजे असे सुमारे १,५०० तुकडे.

डेस्कटॉपने फोल्डर सर्व्हरवर चढवला की सर्व्हर लॅपटॉपला कळवतो, ‘नवीन फाइल आली आहे, तिचे तुकडे या-या खुणांचे आहेत.’ लॅन सिंक नसते, तर लॅपटॉपने लगेच सर्व्हरकडून हे तुकडे मागवले असते. आता मात्र तो आधी आपल्या यादीतल्या शेजाऱ्यांना विचारतो, ‘या खुणेचा तुकडा तुझ्याकडे आहे का?’ डेस्कटॉपकडे असेल तर तो थेट राउटरमार्गे मिळतो. इंटरनेटच्या लाइनला हातही लागत नाही. नसेल, किंवा उत्तर आले नाही, तर लॅपटॉप तो तुकडा सर्व्हरकडून घेतो. आलेल्या तुकड्याची खूण पुन्हा काढून ती सर्व्हरने सांगितलेल्या खुणेशी जुळते का, हे पाहता येते. त्यामुळे शेजाऱ्याने चुकीचा तुकडा दिला तरी तो फाइलमध्ये शिरत नाही.

मग नेटवर्कवरचा कोणीही फाइल मागू शकतो का?

नाही. प्रत्येक शेअर केलेल्या फोल्डरसाठी सर्व्हर वेगळी प्रमाणपत्रे देतो, आणि ती फक्त त्या फोल्डरचा हक्क असलेल्या संगणकांनाच मिळतात. तुकडा देण्याआधी दोन्ही बाजू एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात आणि देवाणघेवाणही कूटबद्ध असते. एखाद्याला फोल्डरमधून काढले की प्रमाणपत्रे बदलली जातात. याचाच दुसरा अर्थ असा की दोन्ही संगणकांवर एकच खाते असावे लागत नाही. भावाच्या खात्यातला फोल्डर बहिणीशी शेअर केलेला असेल, तरी त्या फोल्डरपुरते लॅन सिंक चालते.

वेळ किती वाचतो?

हे घरातल्या जोडणीवर ठरते. दोन्ही संगणक गिगाबिट केबलने राउटरला जोडलेले असतील, तर सेकंदाला ११० एमबीपर्यंत वेग मिळू शकतो. ६ जीबीला मग जेमतेम एक मिनिट लागते. वायफायवर चित्र वेगळे असते. समजा वायफायचा प्रत्यक्ष वेग २०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५ एमबी आहे. डेस्कटॉप केबलवर आणि लॅपटॉप वायफायवर असेल, तर ४ मिनिटे लागतील. दोन्ही वायफायवर असतील, तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा डेस्कटॉपकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून लॅपटॉपकडे. वेग निम्मा होतो आणि ८ मिनिटे लागतात. म्हणून फाइल देणारा संगणक तरी केबलने जोडावा.

खरा फरक नवा लॅपटॉप घेतल्यावर दिसतो. जुन्या डेस्कटॉपवर ड्रॉपबॉक्सचे २०० जीबी असतील, तर ५० एमबीपीएसच्या लाइनवरून ते उतरवायला जवळपास ९ तास लागतील. केबलवर हेच काम अर्ध्या तासात होऊ शकते. हजारो बारीक फाइल्स असतील किंवा हार्ड डिस्क जुनी असेल तर वेळ वाढतो, पण ९ तासांची वेळ येत नाही.

काय वाचत नाही?

लॅन सिंकमुळे अपलोड वाचत नाही. डेस्कटॉपला फाइल आधी सर्व्हरवर चढवावीच लागते, कारण कोणती फाइल नवी आणि तिचे तुकडे कोणते, हे लॅपटॉपला सर्व्हरच सांगतो. त्यामुळे इंटरनेट पूर्ण बंद असताना लॅन सिंकने नवी फाइल पोहोचत नाही. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल, तर आपला फोल्डर चढायलाच पावणेतीन तास लागतील, आणि लॅन सिंकचा फायदा त्यानंतर सुरू होईल. इंटरनेटशिवाय दोन संगणकांत थेट सिंक हवे असेल, तर सिंकथिंगसारखे सॉफ्टवेअर वापरावे लागते. त्यात मध्ये फाइल साठवणारा सर्व्हरच नसतो.

दुसरी मर्यादा अशी की फाइल डेस्कटॉपच्या डिस्कवर प्रत्यक्ष असायला हवी. जागा वाचवण्यासाठी ती ‘फक्त ऑनलाइन’ ठेवली असेल, तर डेस्कटॉपकडे तिचे नाव दिसते, पण देण्यासारखे तुकडे नसतात. डेस्कटॉप बंद किंवा झोपलेल्या अवस्थेत असेल तरीही तेच. आणि ही सोय फक्त संगणकांपुरती आहे. मोबाइल अ‍ॅप आपली फाइल सर्व्हरकडूनच घेते.

चालू आहे की नाही, कसे ओळखावे?

आधी दोन्ही संगणकांवर ड्रॉपबॉक्सच्या Preferences मध्ये Bandwidth या भागात लॅन सिंक चालू आहे का ते पाहावे. मग मोठी फाइल उतरत असताना विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
netstat -n | findstr 17500
```

दुसऱ्या संगणकाचा घरातला पत्ता, उदाहरणार्थ 192.168.1.5:17500, आणि त्यापुढे ESTABLISHED असे दिसले, तर तुकडे घरातूनच येत आहेत. काहीच दिसले नाही, तर `ipconfig` ही आज्ञा दोन्हीकडे देऊन IPv4 Address ताडून पाहावा.

एकाचा पत्ता 192.168.1.5 आणि दुसऱ्याचा 192.168.0.8 असा निघाला, तर अडचण तिथेच आहे. फायबर कंपनीने बसवलेल्या राउटरला आपण वेगळा विकत घेतलेला राउटर जोडला, की बहुतेक वेळा घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. ब्रॉडकास्टची हाक एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर लावला की दोन्ही एका नेटवर्कमध्ये येतात.

पत्ते जुळत असूनही लॅन सिंक चालत नसेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. एखादा संगणक गेस्ट वायफायवर तर नाही ना? गेस्ट वायफाय मुद्दामच उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. दुसरे म्हणजे, विंडोजमध्ये घरचे वायफाय Public म्हणून नोंदले गेले असेल, तर फायरवॉल बाहेरून आलेली मागणी नाकारू शकते. ते Private करावे. आणि तिसरे, एखाद्या संगणकावर ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल, तर तो घरातल्या इतर उपकरणांशी संपर्क तोडू शकतो.

हीच कल्पना विंडोज अपडेटमध्येही आहे. Delivery Optimization या सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कवरील संगणकांकडून डाउनलोड घेण्याची परवानगी दिली, की एका संगणकाने उतरवलेल्या अपडेटचे तुकडे दुसऱ्याला त्याच्याकडून मिळू शकतात. तिथे इंटरनेटवरील अनोळखी संगणकांनाही तुकडे देण्याचा वेगळा पर्याय असतो. प्लॅनमध्ये डेटा मर्यादित असेल, तर तो न निवडता फक्त स्थानिक नेटवर्कचा पर्याय निवडावा.