भाड्याच्या घरातला पाइप गळतोय? मालकाला असं सांगा

मैत्रिणींनो, मुलांच्या शिक्षणासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी धाराशिवला खोली भाड्याने घेऊन राहतात. तिथे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी जपून वापरावी लागते. अशात पाइप गळायला लागला तर "मालक, पाइप गळतोय" एवढं सांगून भागत नाही. मालक "बघतो" म्हणतात आणि महिना जातो.

आधी गळती मोजा. गळतीखाली एक लिटरचा तांब्या ठेवा आणि घड्याळ बघा. समजा तो २० मिनिटांत भरला. म्हणजे तासाला ३ लिटर आणि दिवसाला ७२ लिटर पाणी गेलं. ५०० लिटरची टाकी आठवडाभरात नुसती गळून रिकामी होईल. हा आकडा सांगितला की मालकालाही त्याचं गांभीर्य कळतं. गळतीचा आणि ओल्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. ओल लाइटच्या बोर्डापर्यंत गेली असेल तर बोर्डाला हात लावू नका, मेन स्विच बंद करून मालकाला लगेच फोन करा.

आता तारीख. जोड बदलताना टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. व्हॉल्व्ह नसेल किंवा जाम झाला असेल तर टाकीच रिकामी करावी लागते. म्हणून नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशीची वेळ मागा. तेव्हा टाकीत पाणी कमी असतं आणि दुसऱ्या दिवशी ती परत भरते.

फोनवर बोला, पण नंतर मेसेजही टाका:

"काका, नमस्कार. न्हाणीतल्या पाइपचा जोड सोमवारपासून गळतोय. दिवसाला साधारण ७२ लिटर पाणी जातंय. फोटो पाठवलाय. शनिवारी सकाळी १० वाजता किंवा रविवारी दुपारी ४ वाजता प्लंबरला घेऊन येता का? दोन्ही वेळेला मी घरी आहे. कोणती वेळ जमेल ते उद्यापर्यंत कळवा."

"कधी येता?" असं विचारलं तर उत्तर लांबतं. दोन वेळा दिल्या की त्यातली एक निवडायची असते. वेळ ठरली की "ठरल्याप्रमाणे रविवारी ४ वाजता" असा मेसेज परत टाका. खर्च कोण देणार, तेही आधीच बोलून घ्या.

तरीही कोणी आलं नाही तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेतही मालकाने काम केलं नाही, तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं महिना २,००० असेल तर वर्षाचे २४,००० होतात, म्हणजे जास्तीत जास्त ६,००० रुपये. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, प्लंबरची पावती जपा. नोटिशीआधी भाडं अडवू नका, नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही. म्हणून पैसे कापण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिलांना तिथे सल्ला आणि वकील मोफत मिळतो.