तीन स्क्रीनशॉट, एक ठेव आणि हाती उरणारी रक्कम

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बँकांच्या व्याजदरांचे फोटो फिरू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सगळ्यात जास्त कुठे मिळतंय?’ फोटोतला सर्वांत मोठा आकडा शोधायचा आणि त्या बँकेची शाखा गाठायची, हा सरळ मार्ग झाला. पण तो आकडा नेमका कशाचा आहे आणि त्यातलं करानंतर किती उरणार, हे फोटोत लिहिलेलं नसतं. कधी कधी उत्तर अगदी उलटं निघतं.

नमुन्यादाखल तीन स्क्रीनशॉट घेऊ. दर काल्पनिक आहेत, पण मांडणी रोज दिसते तशीच. वय ६८, रक्कम ४ लाख रुपये, मुदत ३ वर्षं, व्याज मुदतीअखेर एकदम. पहिली बँक राष्ट्रीयीकृत. तिच्या तक्त्यात ज्येष्ठांच्या रकान्यात ७.०० टक्के. दुसरी खासगी, तिच्या रंगीत जाहिरातीत ठळक ७.५९ टक्के. तिसरी स्मॉल फायनान्स बँक. तिचा दर ८.०० टक्के.

वरवर पाहता दुसरी बँक पहिलीपेक्षा सरस वाटते. मात्र त्या ७.५९ च्या खाली बारीक अक्षरांत ‘ॲन्युअलाइज्ड यील्ड’ असं लिहिलेलं आहे. हा व्याजदर नव्हे. तीन वर्षांत चक्रवाढीने मिळणारं एकूण व्याज तीनने भागून काढलेली ती सरासरी आहे. मूळ दर ६.९० टक्केच. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो. पहिल्या बँकेने हीच पद्धत वापरली असती, तर तिचे ७.०० टक्के ७.७१ दिसले असते. म्हणून फोटो हाती आला की आधी तीन गोष्टी बघाव्यात : आकडा दराचा आहे की यील्डचा, रकाना ज्येष्ठांचा आहे की सर्वसाधारण ठेवीदारांचा, आणि दर कोणत्या तारखेपासून लागू आहे. फोटो कापताना बहुतेक वेळा तारीखच कापली जाते, आणि जुना तक्ता महिनोन् महिने फिरत राहतो. ४४४ दिवसांच्या खास योजनेचा दर तीन वर्षांच्या दराशेजारी ठेवण्यातही अर्थ नाही, कारण ४४४ दिवसांनंतर ते पैसे कोणत्या दराने पुन्हा गुंतवता येतील हे आज ठाऊक नसतं.

दर एकदा निश्चित झाला की पुढचं गणित सोपं आहे. आपल्याकडच्या बँका अशा ठेवींवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात. तीन वर्षांत बारा तिमाह्या येतात. एक्सेलच्या एका चौकटीत हे लिहिलं की पुरे :

```
=400000*(1+7%/4)^12
```

पहिल्या बँकेत मुदतीअखेर ४,९२,५७६ रुपये मिळतात, दुसऱ्या बँकेत ४,९१,१२५ आणि तिसऱ्या बँकेत ५,०७,२९७. म्हणजे ७.५९ वाली बँक तिघांत शेवटची.

यानंतर कराचा विचार, आणि इथून पुढे उत्तर बँकेपेक्षा ठेवीदारावर अवलंबून राहतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ मधली नवी करप्रणाली धरू आणि सोयीसाठी ठेव १ एप्रिलला ठेवली असं मानू.

ज्यांचं करपात्र उत्पन्न या व्याजासह १२ लाखांच्या आत राहतं, त्यांना करसवलतीमुळे कर शून्य. त्यांच्यासाठी वरचे आकडे हेच अंतिम. ज्यांचं उत्पन्न १७ लाखांच्या आसपास आहे, ते २० टक्क्यांच्या टप्प्यात येतात. ४ टक्के अधिभार धरून व्याजावर २०.८ टक्के कर लागतो. त्यांच्या हाती अनुक्रमे ४,७३,३२०, ४,७२,१७१ आणि ४,८४,९७९ रुपये उरतात. पहिल्या आणि तिसऱ्या बँकेतलं १४,७२१ रुपयांचं अंतर ११,६५९ वर आलं, पण बँकांचा क्रम तोच राहिला. सगळ्या व्याजावर कर एकाच टक्क्याने लागत असेल, तर क्रम बदलायचं कारणच नसतं.

क्रम फिरतो तो १२ लाखांच्या उंबरठ्यावर. समजा, एका निवृत्त अधिकाऱ्याचं पेन्शन आणि घरभाडं मिळून करपात्र उत्पन्न ११,८०,००० रुपये आहे. पहिल्या बँकेचं पहिल्या वर्षीचं व्याज २८,७४४ रुपये. एकूण १२,०८,७४४ झाले आणि १२ लाखांची सवलत हातची गेली. मग ६० हजारांहून जास्त कर भरायचा का? नाही. इथे ‘मार्जिनल रिलीफ’ लागू होतो : मूळ कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त घेतला जात नाही. त्यामुळे कर ८,७४४ रुपये, अधिभारासह ९,०९४.

तिसऱ्या बँकेचं व्याज ३२,९७३ रुपये, म्हणजे ४,२२९ ने जास्त. पण १२ लाखांवरचा प्रत्येक रुपया करात जातो आणि त्यावर चार पैसे अधिभार. तिथे कर होतो १३,४९२. करानंतर व्याज उरतं पहिल्या बँकेत १९,६५० आणि तिसऱ्या बँकेत १९,४८१. आठ टक्केवाली बँक मागे पडली! उत्पन्न आणि नियम तीनही वर्षं असेच राहिले, तर अखेरीस हाती उरतात दुसऱ्या बँकेत ४,५८,७५५, पहिल्या बँकेत ४,५८,६९७ आणि तिसऱ्या बँकेत ४,५८,१०८ रुपये. सगळ्यात कमी दराची बँक, चिमूटभर फरकाने का होईना, पहिली आली. उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ रुपयांपर्यंत हा पट्टा चालतो. त्यापुढे नेहमीचे टप्पे लागू होतात. यातून वाट काढायला पैसे पत्नीला भेट देऊन तिच्या नावावर ठेव केली, तरी व्याज पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं.

टीडीएसमुळे इथे हमखास गैरसमज होतो. ज्येष्ठांना एका बँकेकडून वर्षाला मिळणारं व्याज १ लाखाच्या आत असेल तर बँक टीडीएस कापत नाही. वरच्या तिन्ही ठेवींवर, त्याच बँकेत दुसऱ्या ठेवी नसतील तर, तो कापला जाणार नाही. पण कापला नाही म्हणजे कर नाही असं नव्हे. व्याज मुदतीअखेर हाती येणार असलं, तरी बँकेच्या हिशेबात ते वर्षावर्षाला जमा होतं आणि साधारणपणे त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवायचं असतं. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या ज्येष्ठांना मात्र ८०टीटीबी कलमाखाली ५० हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. इतर ठेवींनी ती संपवली नसेल, तर ४ लाखांवरचं एका वर्षाचं व्याज तीत पूर्ण मावतं.

तिसऱ्या बँकेबाबत आणखी एक आकडा तपासायला हवा. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेत दर ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही येतात. आठ टक्क्यांनी वाढलेले ५,०७,२९७ रुपये ही मर्यादा ओलांडतात. तिथे ३,९४,००० ठेवले, तर तीन वर्षांनी ४,९९,६८७ होतात आणि सगळी रक्कम विम्याच्या आत राहते. मात्र त्याच बँकेच्या बचत खात्यातली शिल्लकही या ५ लाखांत मोजली जाते. खात्यात २० हजार पडून असतील, तर ठेव आणखी सुमारे १६ हजारांनी कमी ठेवावी लागेल.